अठरा व्यवहार की चार? सहलीचा हिशेब मिटवायची युक्ती

(हा आमच्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेल्या चुका आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. आकडे कानाने धरायला अवघड जातात, म्हणून इथे ते नीट मांडून दिलेत.)



आज विषय पैशांचा आहे, पण गुंतवणूक वगैरे काही नाही. सहल संपते, फोटो ग्रुपवर पडतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहितं, "हिशेब करून टाका रे." तिथून पुढे ग्रुपवर जी शांतता पसरते ना, तिच्याबद्दल बोलायचं आहे. कोणी गाडीचे दिले, कोणी जेवणाचे दिले, कोणी तिकिटं काढली, एक जण दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आता कोणी कोणाला किती पाठवायचे? आणि सगळ्यांनी सगळ्यांना पाठवत बसण्यापेक्षा कमीत कमी व्यवहारांत हे कसं मिटवायचं?

उदाहरण आमचंच घेतो. नावं सांगत नाही, आणि गरजही नाही. आपल्या खान्देशात वीस वर्षांच्या पोरालाही आप्पा, नाना, बापू म्हणतात, तेच चालवू. जळगावचे तिघे: आप्पा, ताई आणि नाना. धुळ्याचे तिघे: दादा, अक्का आणि बापू. त्यातला बापू म्हणजे मी.

काय काय खर्च झाला

थंडीचे दिवस. शनिवारी जळगावजवळ आसोद्याच्या बाजूला एका शेतात भरीत पार्टी. वांगी, तेल, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, कळण्याच्या भाकरी करून देणाऱ्या काकूंचे पैसे, सगळं धरून 1800 रुपये. ते आप्पानं दिले. जेवायला सहाही जण होते.

रविवारी अजिंठा लेणी. दादा म्हणाला, "मी धुळ्याहून गाडी चालवत आलोय, उद्या मला पण फिरायचंय." म्हणून जळगावहून ड्रायव्हरसकट गाडी ठरवली, 2500 रुपये. ताईनं 500 आगाऊ पाठवले होते, उरलेले 2000 मी रोख दिले. नानाच्या घरी पाहुणे आले, तो रविवारी आला नाही. म्हणजे गाडीत पाच जण.

येताना ढाब्यावर शेवभाजी. बिल 1100, दिले ताईनं, खाणारे पाच. लेण्यांची तिकिटं, आत जायची बस आणि चहापाणी मिळून 500, दिले अक्कानं, तेही पाच जणांचे. आणि धुळे-जळगाव जाऊन-येऊन दादाच्या कारचं पेट्रोल 1110, दिले दादानं. पण हे फक्त धुळ्याच्या तिघांचं. जळगाववाले त्या गाडीत बसलेच नव्हते.

असे पाच खर्च. एकूण 7010 रुपये.

पहिली पद्धत: बिलागणिक पैसे पाठवणे

आम्ही पहिल्यांदा तेच करायला गेलो. भरिताचे प्रत्येकी 300, तर पाच जणांनी आप्पाला 300 पाठवायचे. झाले 5 व्यवहार. गाडीचे प्रत्येकी 500. ताईनं तिचे 500 आधीच भरलेत, म्हणून आप्पा, दादा आणि अक्का यांनी मला 500 द्यायचे. आणखी 3. ढाब्याचे प्रत्येकी 220, चौघांनी ताईला, आणखी 4. तिकिटांचे प्रत्येकी 100, चौघांनी अक्काला, आणखी 4. पेट्रोलचे प्रत्येकी 370, दोघांनी दादाला, आणखी 2.

बेरीज केली तर 18 व्यवहार! सहा मित्र, दोन दिवस, आणि फोनवर अठरा वेळा पिन टाकायचा. त्यात गंमत बघा. मी आप्पाला भरिताचे 300 देणार आणि आप्पा मला गाडीचे 500 देणार. म्हणजे त्याच्या खात्यातून माझ्याकडे आणि माझ्या खात्यातून त्याच्याकडे.

इथे कोणालाही सुचेल की ते वळतं करून टाका. आप्पानं मला फक्त 200 द्यावेत. बरोबर आहे. असं प्रत्येक जोडीत वळतं केलं तर अठराचे अकरा व्यवहार राहतात. सुधारणा आहे, पण अकरासुद्धा जास्तच झाले. बहुतेक ग्रुप इथेच थांबतात, कारण पुढची पायरी जोडी-जोडीनं विचार करून दिसत नाही.

खरी पायरी: कोणाला द्यायचं ते विसरा

ही आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोण कोणाचं देणं लागतो, ते काही वेळासाठी पूर्ण विसरायचं. प्रत्येक माणसासाठी फक्त दोन आकडे काढायचे: खिशातून किती भरले, आणि त्याच्या वाट्याला किती आले. भरलेल्यातून वाटा वजा करायचा. उत्तर अधिक आलं तर तो जमेत, त्याला पैसे मिळायचेत. वजा आलं तर त्याच्या नावे, त्यानं द्यायचेत. किराणा दुकानदाराच्या वहीत जमा आणि नावे असतं ना, तेच.

आमचं असं निघालं:

- आप्पा: भरले 1800, वाटा 1120. जमा 680.
- ताई: भरले 1600, वाटा 1120. जमा 480.
- बापू: भरले 2000, वाटा 1490. जमा 510.
- नाना: भरले 0, वाटा 300. नावे 300.
- दादा: भरले 1110, वाटा 1490. नावे 380.
- अक्का: भरले 500, वाटा 1490. नावे 990.

आप्पाचा वाटा 1120 कसा? भरीत 300, गाडी 500, ढाबा 220, तिकिटं 100. ताईचाही तेवढाच. धुळ्याच्या तिघांना त्यात पेट्रोलचे 370 मिळवायचे, म्हणून 1490. आणि नाना फक्त भरिताला होता, म्हणून 300.

आता पुढे जायच्या आधी एक तपासणी करायची, आणि ही कधीच टाळायची नाही. सगळ्या जमेची बेरीज आणि सगळ्या नावेची बेरीज सारखी यायला हवी. जमा: 680 + 480 + 510 = 1670. नावे: 300 + 380 + 990 = 1670. जुळलं. नाही जुळलं तर कुठेतरी बिल राहिलंय, वाटे चुकलेत, किंवा एखाद्याचं नाव एका बिलात घालायचं विसरलंय. बेरीज जुळेपर्यंत कोणालाही एक रुपया पाठवायचा नाही.

पण एक लक्षात ठेवा. बेरीज जुळली म्हणजे हिशेब न्याय्य झाला असं नाही. समजा आम्ही विसरून गाडीचे 2500 पाचऐवजी सहा जणांत वाटले असते, तरी जमा आणि नावे जुळलेच असते, फक्त नाना न बसलेल्या गाडीचे पैसे देऊन बसला असता. म्हणून प्रत्येक बिलापुढे "यात कोण कोण होतं" हे लिहायचं. ही चूक बेरजेनं पकडली जात नाही, ती त्या माणसालाच दिसते. म्हणून आधी यादी ग्रुपवर टाकायची, सगळ्यांनी बघायची, मग पैसे.

आता पाठवायचं कसं

सगळ्यात सोपा आणि बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा नियम असा. ज्याच्या नावे सगळ्यात जास्त आहे, त्यानं ज्याचे सगळ्यात जास्त जमा आहेत त्याला पाठवायचं. जेवढं त्या दोघांपैकी लहान आकड्यात बसेल तेवढंच. मग यादी पुन्हा बघायची आणि पुन्हा तेच.

करून बघू. सगळ्यात जास्त नावे अक्का, 990. सगळ्यात जास्त जमा आप्पा, 680. अक्कानं आप्पाला 680 दिले. आप्पा मिटला, अक्काचे 310 उरले. आता सगळ्यात मोठा नावेवाला दादा, 380, आणि मोठा जमेवाला मी, 510. दादानं मला 380 दिले. दादा मिटला, माझे 130 यायचे राहिले. मग अक्काचे 310 ताईला. अक्का मिटली, ताईचे 170 राहिले. शेवटी नाना: 170 ताईला आणि 130 मला. मिटलं.

मोजा. पाच व्यवहार. अठरावरून पाच.

हे पाचच का आले, ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. प्रत्येक व्यवहारात आपण लहान आकड्याइतकेच पैसे हलवतो, त्यामुळे दर वेळी निदान एक माणूस शून्यावर येतो. आणि शेवटच्या व्यवहारात दोघं एकदम शून्यावर येतात, कारण एकूण बेरीजच शून्य आहे. म्हणून सहा माणसांना जास्तीत जास्त पाच व्यवहार लागतात, दहा माणसांना जास्तीत जास्त नऊ. बिलं पाच असोत की पन्नास, या आकड्यावर काही फरक पडत नाही. म्हणजे कोणी ग्रुपवर दहा जणांसाठी चौदा व्यवहारांची यादी टाकली, तर न बघता सांगता येतं की यात कुठेतरी उगाच फिरवाफिरवी आहे.

आणि मग नाना भडकला

आम्ही ही पाचांची यादी खरंच ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत नानाचा व्हॉइस मेसेज. "मी रविवारी आलोच नव्हतो भो. ताईनं ढाब्याचं बिल दिलं, बापूनं गाडीचे दिले. मी भरीत खाल्लं, ते आप्पानं आणलं. मग मी ताईला आणि बापूला का देऊ? तुम्ही माझ्याकडून अजिंठ्याचे पैसे काढताय."

आकड्यानं बघितलं तर नाना 300 च देत होता. पण त्याला दिसलं ते असं की जिथे तो गेलाच नाही, तिथल्या बिलाचे पैसे त्याच्या खिशातून चाललेत. आणि खरं सांगू, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आम्ही "कोण कोणाचं देणं लागतो" हे विसरायला सांगितलं, पण माणूस ते विसरत नाही. त्यानंतर दोन दिवस नाना ग्रुपवर काही बोलला नाही. तीनशे रुपयांसाठी.

म्हणून मी पुन्हा वही घेऊन बसलो. आणि तेव्हा दिसलं की पाचसुद्धा कमीत कमी नव्हते.

चार कसे निघाले

पुन्हा ती यादी बघा. जमा: 680, 480, 510. नावे: 300, 380, 990.

आता नानाचे 300 आणि दादाचे 380 मिळवा. 680. हे अगदी आप्पाच्या जमेइतके! आणि उरलेल्या तिघांत, अक्काचे 990 म्हणजे बरोबर ताईचे 480 अधिक माझे 510.

म्हणजे आमचा सहा जणांचा ग्रुप मुळात दोन वेगळ्या छोट्या ग्रुपमध्ये फुटतो. आप्पा, नाना, दादा हा एक. अक्का, ताई, बापू हा दुसरा. दोन्ही आपापल्यात शून्य होतात. तिघांना जास्तीत जास्त दोन व्यवहार, हा वरचाच नियम. दोन ग्रुप, दोन-दोन व्यवहार, एकूण चार:

- नाना → आप्पा 300
- दादा → आप्पा 380
- अक्का → ताई 480
- अक्का → बापू 510

नाना आप्पालाच देतोय, भरिताचे, तीनशेच. त्यानं यादी बघितली आणि पाच मिनिटांत पैसे पाठवले.

मग मोठ्यातला मोठा आधी घ्यायच्या नियमाला हे का दिसलं नाही? कारण त्यानं पहिल्याच पायरीला अक्काचे 680 आप्पाकडे नेले. त्या एका व्यवहारानं दोन स्वतंत्र ग्रुप एकमेकांत अडकवले. मग ते सोडवायला जास्तीचा एक व्यवहार लागलाच.

यातून पक्का नियम निघतो. प्रत्येक व्यवहार म्हणजे दोन माणसांमध्ये बांधलेला एक दोरा समजा. जी माणसं दोऱ्यांनी एकमेकांशी जोडली गेली, त्यांचा आपापसातला हिशेब शून्य व्हायलाच हवा, कारण त्यांच्या बाहेर पैसे जातच नाहीत. आणि तीन माणसं जोडायला निदान दोन दोरे लागतात, चारांना तीन. म्हणून कमीत कमी व्यवहार म्हणजे माणसांची संख्या वजा आपापल्यात शून्य होणाऱ्या ग्रुपची संख्या. जेवढे जास्त छोटे ग्रुप पाडता येतील तेवढे व्यवहार कमी. आमच्याकडे सहा वजा दोन, चार.

तीन होऊ शकले असते का? त्यासाठी दोन-दोनच्या तीन जोड्या लागल्या असत्या, म्हणजे एकाची जमा दुसऱ्याच्या नावेइतकीच. आमच्या आकड्यांत अशी एकही जोडी नाही. म्हणून चार हेच शेवटचं उत्तर.

हातानं शोधायचं कसं

पाच-सहा-सात जणांसाठी हे कागदावर सहज होतं. आधी बघायचं, कोणाची जमा आणि कोणाची नावे तंतोतंत सारखी आहे का. असेल तर ती जोडी लगेच बाजूला काढायची, एका व्यवहारात दोघं सुटतात. अशी जोडी आधी काढल्यानं कधीच तोटा होत नाही.

मग एका ओळीत नावेवाल्यांच्या सगळ्या शक्य बेरजा लिहायच्या. आमच्या: 300, 380, 990, आणि दोन-दोनच्या 680, 1290, 1370. खाली दुसऱ्या ओळीत जमेवाल्यांच्या: 680, 480, 510, आणि दोन-दोनच्या 1160, 1190, 990. आता दोन्ही ओळींत सारखे आकडे शोधा. 680 दोन्हीकडे आहे. 990 पण दोन्हीकडे आहे. बस, ग्रुप सापडले. एक सापडला की उरलेला आपोआप जुळतो, कारण एकूण बेरीज शून्य आहे. उरलेल्यात माणसं जास्त असतील तर त्यांच्यात हेच पुन्हा करायचं.

काहीच सारखं सापडलं नाही तर? तर ग्रुप फुटत नाही, आणि एकानं कमी हेच उत्तर. मग मोठ्यातला मोठा हा नियम बिनधास्त वापरा, यापेक्षा कमी कोणालाही जमणार नाही.

आता कोणी म्हणेल, आमचा ग्रुप वीस जणांचा आहे, लग्नाला गेलो होतो. तिथे ही युक्ती फार लवकर जड होते. प्रत्येक माणूस एखाद्या छोट्या ग्रुपात असेल किंवा नसेल, म्हणजे दर माणसामागे शक्यता दुप्पट. वीस जणांत 10,48,576 वेगवेगळे ग्रुप पाडता येतात. तीस जणांत 107 कोटींच्या वर. आणि त्यातून एकच नाही, तर जास्तीत जास्त शून्य ग्रुप एकदम बसवायचेत. संगणकशास्त्रात या जातीच्या प्रश्नांना एनपी-हार्ड म्हणतात. मोठ्या संख्येसाठी दर वेळी झटपट आणि अचूक उत्तर देईल अशी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. म्हणून मोठ्या ग्रुपला परिपूर्ण उत्तराच्या मागे लागू नका. वीस जणांत एकोणीस व्यवहार आणि सतरा व्यवहार यांत जो फरक आहे, त्यासाठी रात्र जागवण्यात अर्थ नाही.

अॅप काय करतं

खर्च वाटायच्या अॅपमध्ये, जसं Splitwise मध्ये, `Simplify debts` नावाची एक सोय असते. ती चालू केली की अॅप हेच वळतं करायचं काम करतं. पण त्या अॅपनं स्वतःला एक अट घालून घेतली आहे: आधी ज्याचं देणं लागत नव्हतं, अशा नव्या माणसाला पैसे द्यायला ते कोणाला सांगत नाही. म्हणजे नानाचं भांडण त्यांनी आधीच ओळखलंय.

पण त्या अटीची किंमत असते. अशी अट घातली की काही वेळा व्यवहार एखाद-दुसरा वाढू शकतो, कारण सगळ्यात कमी व्यवहारांचा रस्ता कधीकधी अनोळखी माणसाकडूनच जातो. आमच्या बाबतीत नशिबानं दोन्ही जमलं. चारही व्यवहार अशा लोकांमध्ये झाले ज्यांचं आधीपासून देणं होतंच. तुमच्याकडे जमेलच असं नाही. तेव्हा ग्रुपला आधी विचारा: कमी व्यवहार हवेत, की ज्याचं खाल्लं त्यालाच द्यायचं?

तुमचा यूपीआय आतून असंच करतो

तुम्ही धुळ्यातून जळगावला कोणाला 500 रुपये यूपीआयनं पाठवले की समोरच्याच्या खात्यात लगेच जमा दिसतात. पण त्याच क्षणी तुमच्या बँकेनं त्याच्या बँकेला 500 रुपये वेगळे पाठवलेले नसतात. 2016 साली सुरू झालेली ही व्यवस्था चालवणारं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन दिवसातून अनेक वेळा हिशेब करतं. तेवढ्या वेळातले सगळे व्यवहार एकत्र करून प्रत्येक बँकेचं फक्त निव्वळ येणं किंवा देणं काढतं, आणि तेवढीच रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून हलते. म्हणजे आपली ती जमा-नावेची यादीच, फक्त माणसांच्या जागी बँका.

याच्या उलट आरटीजीएस. दोन लाखांच्या वरच्या मोठ्या रकमांसाठी असलेल्या या व्यवस्थेत प्रत्येक व्यवहार सुटा सुटा, पूर्ण रकमेनं मिटतो. वळतं करणं नाही. तिथे रक्कम इतकी मोठी असते की मध्येच एखादी बँक अडकली तर बाकीच्यांनी धोका का घ्यायचा?

धोका कुठे आहे

आणि हाच धोका मित्रांच्या हिशेबातही असतो. वळतं केल्यावर व्यवहार कमी होतात, पण एकेका माणसावर भार वाढतो. आमच्यात अक्काला दोन जणांना मिळून 990 द्यायचे होते. ती हॉस्टेलवर राहते, महिन्याच्या शेवटी तिच्याकडे तेवढे नव्हते. अठरांच्या यादीत तिचं देणं थोडं-थोडं चार जणांकडे पसरलेलं होतं, त्यात कोणालाच लागलं नसतं. चारांच्या यादीत ती थांबली की ताई आणि मी दोघंही थांबलो. आम्ही सरळ बोललो, तिनं ताईचे 480 लगेच दिले आणि माझे 510 पुढच्या महिन्यात. पण हे आधीच बघायला हवं होतं. यादी करताना नुसता आकडा बघू नका, तो कोणावर पडतोय ते पण बघा.

आणखी दोन गोष्टी, ज्यांच्यावर हिशेब नेहमी अडखळतो.

पहिली, मध्येच दिलेले रोख पैसे. समजा नानानं शनिवारीच आप्पाच्या हातात 100 टेकवले असते, आणि यादीत लिहिले नसते, तर नाना दोनदा दिल्याचं म्हणणार आणि आप्पाला आठवणार नाही. असे पैसे पण एक खर्च समजून लिहायचे: नानाच्या भरलेल्यात 100 वाढवा, आप्पाच्या भरलेल्यातून 100 कमी करा. बेरीज शून्यच राहते.

दुसरी, सुटे पैसे. हजार रुपये तिघांत वाटले की 333 रुपये 33 पैसे. अशा पैशांमुळे 680 च्या समोर 680 येत नाही, 679.67 येतात, आणि फुटणारा ग्रुप फुटत नाही. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की वाटे दहाच्या पटीत धरायचे, आणि उरलेले पाच-दहा रुपये ज्याचे जमेत सगळ्यात जास्त आहेत त्यानं सोडायचे. एवढ्या छोट्या ठरावानं बरेचदा एक व्यवहार वाचतो.

आमचा हिशेब मिटला, तेव्हा नानानं ग्रुपवर लिहिलं, "पुढच्या वेळी भरिताचं सामान मी आणतो." आप्पा म्हणाला, "आण, पण बिल ठेव भो."

तुमच्या ग्रुपचा एखादा अडकलेला हिशेब असेल तर नावं न लिहिता, फक्त जमा-नावेचे आकडे पाठवा. बघू किती व्यवहारांत सुटतो. भेटू पुढच्या भागात.